शागोतीच्या डब्याचं झाकणच का आखडतं?

"खाली त्रिकोणात 5 आहे ना, मग घाल मायक्रोवेव्हमध्ये." पणजीतल्या ऑफिसांमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे हमखास ऐकू येतं, आणि ते अर्धंच बरोबर आहे. प्लास्टिकच्या डब्यांवरचे हे आकडे 1988 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने भंगारातलं प्लास्टिक वेगळं करता यावं म्हणून आणले. त्यातून फक्त प्लास्टिकची जात कळते. डबा गरम करायला चालतो की नाही, हे सांगणारी खूण वेगळी असते: एकाखाली एक काढलेल्या नागमोडी रेघा. पेला आणि काट्याचं चित्र असेल तर त्या प्लास्टिकला अन्न लागलेलं चालतं, एवढाच त्याचा अर्थ. तापवण्याबद्दल ते चित्र काहीच सांगत नाही.

आता हॉटेलातून पार्सल आणलेली कोंबडीची शागोती घ्या. डबा थोडा धुरकट, बोटाने दाबला तर वाकणारा, तळाला 5. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. झाकण मात्र काचेसारखं पारदर्शक आणि कडक. ते उजेडात तिरपं धरलं तर त्यावर बारीक 1 दिसतो, म्हणजे ते पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. डबा आणि झाकण वेगवेगळ्या जातीचं असणं सर्रास आढळतं, आणि आकडा बघणारा माणूस फक्त तळ बघतो. दोन मिनिटांनी दार उघडलं की डबा जसाच्या तसा असतो आणि झाकण सुरकुतून आत ओढलेलं.

झाकण वितळलं, असं आपण म्हणतो. पण पेट वितळायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात आणि वाफ असते 100 अंशांची. खरी गंमत झाकण घडवण्याच्या पद्धतीत आहे. पेटचा सपाट पत्रा तापवून साच्यावर ताणतात आणि लगेच थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच गोठतात. मैद्याची पुरी लाटली की ती परत आखडू बघते, तसाच ओढा या साखळ्यांमध्ये असतो; फक्त थंडपणामुळे त्यांना हलता येत नाही. साधारण 70 ते 80 अंशांना पेटच्या साखळ्या मोकळ्या होतात आणि झाकण पुन्हा आपल्या मूळ सपाट पत्र्याकडे निघतं. म्हणून ते ठिबकत नाही, आक्रसतं. वाकडं झालेलं झाकण विषारी झालं असं नाही, पण ते आपल्या मर्यादेबाहेर गेलं याची ती स्पष्ट नोंद आहे. ते पुन्हा वापरू नये.

मग त्याच वाफेत डबा कसा टिकला? पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या ठिकठिकाणी घड्या घालून अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात. स्फटिकांमधला सैल भाग शून्य अंशाच्या आसपासच मऊ होतो, म्हणून डबा हाताला लवचीक लागतो. स्फटिक मात्र 160 अंशांच्या आसपास वितळतात आणि तोवर आकार धरून ठेवतात. 6 आकड्याच्या, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या नेहमीच्या डब्यांना असा आधार नसतो. ते 100 अंशांच्या जवळ ढिले पडतात.

तरीही 5 च्या डब्याला एक शत्रू आहे: तेल. पाणी उकळू लागलं की तापमान 100 च्या आसपास थांबतं. तेलाला तो लगाम नाही. शागोतीत खोबरं आणि तेल भरपूर. रश्श्याच्या काठावरचा पातळ थर आटला की उरलेलं तेल आणि मसाला 100 च्या बराच वर जाऊ शकतो. डबा धुतल्यावर नेमक्या त्या रेषेवर पिवळट-लाल कडं दिसतं आणि नख फिरवलं तर खरखर लागते. तिथे प्लास्टिक मऊ पडून त्याला बारीक फोड आलेले असतात. हळदीचा, मिरचीचा रंग तेलातून प्लास्टिकमध्ये शिरला, याचा अर्थ प्लास्टिकमधली टिकाऊपणासाठी घातलेली रसायनंही तेलात उतरू शकतात. भारतात 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार अशा एकूण पाझराची मर्यादा अन्नाच्या किलोमागे 60 मिलिग्रॅम आहे. उष्णता आणि तेल दोन्ही वाढले की पाझर वाढतो. खरखरीत, पांढुरका किंवा तडकलेला डबा भंगारात द्यावा.

मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन निघतं, हा फिरता मेसेज मात्र सोडून द्या. डायॉक्सिन बनायला क्लोरीन आणि जळण्याइतकी उष्णता लागते, आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये क्लोरीनच नसतं. अन्न किरणोत्सारीही होत नाही.

पण रेघांची खूण म्हणजे काहीच सुटत नाही अशी हमीही नव्हे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवले. काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून 40 लाखांवर सूक्ष्म आणि 200 कोटींवर अतिसूक्ष्म कण सुटले. डबा वाकडा झाला नाही, तरी त्यावरून या कणांबद्दल काहीच कळत नाही. त्यामुळे शागोती, हुमण असे तेल-खोबऱ्याचे पदार्थ काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून तापवावेत. डबाच वापरावा लागला, तर झाकण काढून वर चिनी मातीची बशी ठेवावी आणि मिनिटाने थांबून रस्सा ढवळावा, म्हणजे काठावरचं तेल पुन्हा पाण्यात मिसळतं.