लंगरची पंगत

गुरुद्वाऱ्यातील सामुदायिक स्वयंपाकघराला आणि तिथे मिळणाऱ्या जेवणाला लंगर म्हणतात. ते ज्या रांगेत बसून घ्यायचे ती पंगत. शब्द मराठीतही तोच आहे, पण आपल्याकडच्या जुन्या पंगतीत कोण कुठे बसणार हे जात ठरवत असे, आणि वाढण्यातला दुजाभाव इतका अंगवळणी होता की त्यासाठी 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्दच भाषेत आला. लंगरचे बहुतेक शिष्टाचार नेमका हा प्रपंच टाळण्यासाठी आहेत.

ही प्रथा गुरू नानकांपासून चालत आली. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातील तुपाळ खिरीचा उल्लेख गुरू ग्रंथसाहिबात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे 'पहिले पंगत, मग संगत' असा दंडक घातला. आधी सर्वांसोबत जमिनीवर बसून जेवायचे, मगच गुरूंची भेट. बादशहा अकबरालाही हा नियम पाळावा लागला, असे शीख परंपरा सांगते.

अमृतसरच्या हरमंदिर साहिबातील, म्हणजे सुवर्णमंदिरातील, गुरू रामदास लंगर दिवसरात्र चालू असतो. जोडे जोडाघरात ठेवायचे, हातपाय धुवायचे आणि डोके झाकायचे, रुमाल चालतो. तंबाखू किंवा गुटख्याची पुडी खिशात असेल तर ती आवाराबाहेरच टाकून यावी. 'खात नाही, नुसती खिशात आहे' ही सबब इथे चालत नाही. दारात ताट, वाटी आणि चमचा मिळतो. आत लांब पट्ट्यांवर मांडी घालून, आधी बसलेल्या माणसाला खेटून बसायचे. ओळखीच्यांसाठी जागा धरून ठेवू नये. जिथे रांग पोचली असेल तिथे बसावे. वयामुळे किंवा गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नसेल त्यांची वेगळी सोय बऱ्याच ठिकाणी केलेली असते. सरसकट टेबल-खुर्च्या मात्र वादाचा विषय ठरल्या आहेत: कॅनडातील काही गुरुद्वाऱ्यांत त्या वापरात होत्या, तेव्हा 1998 मध्ये अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने हुकूमनामा काढून लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा असे बजावले, आणि त्यावरून तिथल्या मंडळींत मोठी फूट पडली.

वाढणारे सेवादार बादली घेऊन झपझप पुढे सरकतात. 'दाल जी', 'प्रशादा जी' असा पुकारा ऐकू आला की तयार राहावे. प्रशादा म्हणजे पोळी. ती ताटात वाढत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची आणि सेवादार ती वरून हातात सोडतो. नवखा माणूस सवयीने एक हात पुढे करतो किंवा पोळी ओढून घ्यायला जातो. सेवादार शांतपणे थांबतो आणि शेजारी बसलेला माणूस दुसरा हातही पुढे करायची खूण करतो. डाळीचा डाव ताटाला लागू द्यायचा नाही, कारण लागला तर पुढची सगळी बादली उष्टी होते. पुरे झाले की ताटावर हात आडवा धरावा. आपल्या पंगतीतला आग्रह इथे नाही: थोडे घ्यावे, पुन्हा मागावे, टाकू नये. वाढणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नयेत. द्यायचेच असतील तर गोलकीत, म्हणजे दानपेटीत टाकावेत.

जेवण शाकाहारी असते. चुलीवर असताना कोणी चव घेत नाही. लहान गुरुद्वाऱ्यांत वाढण्यापूर्वी एक ताट गुरू ग्रंथसाहिबापुढे ठेवून अरदास म्हणजे प्रार्थना होते, त्यातल्या अन्नाला कृपाण लावतात आणि ते पुन्हा मोठ्या भांड्यात मिसळतात. निहंग या शस्त्रधारी शीख पंथाच्या बोलीत मिठाला 'सरबरस' म्हणतात, म्हणजे सर्व रसांचा रस.

जेवण झाल्यावर ताट दाराशी उभ्या असलेल्या सेवादाराच्या हाती द्यायचे. उरलेसुरले एका पिंपात, चमचे दुसरीकडे, वाट्या तिसरीकडे जातात आणि ताटांचा खणखणाट बाहेरूनच ऐकू येतो. हौदांच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. एका रांगेने घासलेले ताट पुढच्या रांगेकडे पुन्हा धुवायला जाते, आणि अंगठा फिरवून निसरडे लागले तर मागे परत येते. मराठीत 'उष्टी काढणे' हे कमीपणाचे काम समजले जाते. इथे मात्र हौदाकाठच्या जागेसाठी लोक ताटकळत उभे असतात.

सेवेसाठी नावनोंदणी लागत नाही. डोके झाकून, हात धुऊन लसूण सोलणाऱ्यांत बसावे किंवा विचारावे, 'सेवा आहे का?' धर्म कोणी विचारत नाही. पोळ्या लाटण्याची हौस असली तरी नवख्याने आधी सोलण्याचे किंवा धुण्याचे काम घ्यावे. जाड-पातळ लाटलेली पोळी मोठ्या तव्यावर कुठे करपते, कुठे कच्ची राहते, आणि भाजणाऱ्याला ती वेगळी काढावी लागते.