मखाणे चुरमुऱ्यांसारखे भाजू नका

'मंद आचेवर पाच मिनिटं परता, झाले कुरकुरीत' हे वाक्य मखाण्यांच्या पाककृतीत दिसतं आणि चुरमुऱ्यांच्याही. पाच मिनिटांत चुरमुरे गरजेपेक्षा जास्त भाजले जातात आणि मखाणे निम्मेच होतात. मग 'मखाणे चामटच लागतात, आमच्याकडे कुणाला आवडत नाहीत' असं म्हणून पाकीट कपाटात मागे ढकललं जातं.

चुरमुऱ्यांबद्दल फार सांगायला नको. ते तापलेल्या वाळूत फुलूनच आपल्याकडे येतात, त्यांची भिंत पातळ असते आणि आत सगळी पोकळीच. सादळले तरी ओल त्या पातळ भिंतीतच असते. म्हणून चार वाट्या चुरमुऱ्यांना मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत दोन-तीन मिनिटं पुरतात. रंग अजिबात बदलता कामा नये. पिवळसर झाले की कडवट वास येतो, आणि मग त्याला इलाज नाही. कडक ऊन असेल तर तासभर उन्हात ठेवणं मला गॅसपेक्षा जास्त पसंत आहे.

मखाण्याचं गणित वेगळं आहे. एक मोठा मखाणा मधोमध तोडून बघा. वरपासून गाभ्यापर्यंत पांढरा, जाळीदार आणि भरीव दिसेल. बिहारमध्ये दरभंगा-मधुबनीकडे तळ्यातल्या काळ्या बिया भाजून, लाकडी थापीने फोडून हे मखाणे काढतात. तिथून आपल्या डब्यापर्यंत येताना ते हवेतली ओल शोषतात, आणि ती थेट गाभ्यापर्यंत मुरते. बाहेरचा थर तापायला वेळ लागत नाही, पण त्या जाळीत हवा भरलेली असल्यामुळे उष्णता आत फार हळू सरकते. आच वाढवली की वरून तांबूस डाग पडतात, घरभर खमंग वास सुटतो आणि आपण गॅस बंद करतो. आतला गाभा मात्र अजून ओलाच असतो. थोड्या वेळाने त्यातली ओल बाहेरच्या थरातही पसरते आणि अख्खा मखाणा चिवट होतो. म्हणून मखाण्यांच्या बाबतीत रंगावर आणि वासावर विश्वास ठेवू नका. हवा तो वेळ.

पन्नास ग्रॅम मखाणे घ्या, जाड बुडाची पसरट कढई घ्या आणि आच अगदी मंद ठेवा. तूप अजून घालायचं नाही. सुरुवातीलाच तूप ओतायची जी पद्धत सगळीकडे दाखवतात, ती मला मुळीच पटत नाही. कोरडे मखाणे तूप लगेच पितात, पहिल्या दोन-चारांतच ते संपतं आणि बाकीचे कोरडे राहतात. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. हलवत राहा. पुढे आवाज बदलतो. आधी मऊसर, दबका असतो, मग मखाणे कढईवर खडखडायला लागतात. याला साधारण दहा-बारा मिनिटं लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त.

आता सगळ्यांत मोठा मखाणा निवडा, कारण लहान आधी होतात आणि फसवतात. तो ताटलीत काढून मिनिटभर गार होऊ द्या. गरम असताना दाबलात तर झालेलाही मऊ लागू शकतो. गार झाल्यावर चिमटीत दाबा. करकन मोडून चुरा झाला तर झालं. चेपला गेला, किंवा मोडताना मध्ये तंतूसारखा ताणला गेला, तर आणखी तीन मिनिटं भाजा आणि पुन्हा एक मोठा मोडून बघा. गाभा कोरडा झाल्यावरच चमचाभर तूप कडेने सोडायचं, भराभर परतायचं आणि गॅस बंद करून बारीक मीठ, मिरपूड घालायची. तुपाशिवाय मीठ चिकटत नाही, तळाशी बसतं.

चुरमुऱ्यांत फोडणी आधी येते. फोडणीतली मिरची आणि कढीपत्ता अगदी कडक होईपर्यंत परता, कारण त्यांत राहिलेली ओल नंतर चुरमुरेच ओढून घेतात. भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतो तो बऱ्याचदा यामुळेच. गॅस बंद करून मगच चुरमुरे घाला.

दोन्ही पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, नाहीतर वाफ आतच मुरेल. तरीही सादळलेच, तर तूप लावलेले मखाणे मंद आचेवर चार-पाच मिनिटं पुन्हा भाजता येतात. हळद-तिखटाचा भडंग मात्र परत गॅसवर चढवू नका, मसाला करपतो. त्याला ऊनच दाखवा.