स्पॉट वेल्डिंग (पातळ पोलादी पत्र्याचे)

दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टिपांमध्ये दाबायचे आणि क्षणभर काही हजार अँपिअर प्रवाह सोडून त्यांच्या मधल्या फटीतलेच पोलाद वितळवायचे, या जोडपद्धतीला स्पॉट वेल्डिंग म्हणतात. पुण्यात भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत याला नुसते ‘स्पॉट मारणे’ म्हणतात. मीटरच्या पेट्या, पॅनेल, कपाटे अशी कामे पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या साध्या मशीनवरही होतात.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या, रोधाच्या आणि वेळेच्या प्रमाणात वाढते. सर्वांत जास्त रोध असतो तो पत्रा पत्र्याला टेकतो तिथे. बाहेरच्या बाजूची उष्णता तांबे ओढून घेते, म्हणून वितळलेला भाग आतच, मसुराच्या दाण्यासारखा तयार होतो. हा दाणा म्हणजेच जोड. वरून दिसतो तो फक्त टिपेचा ठसा, आणि ठसा सुंदर असूनही आत दाणा नसणे अगदी शक्य असते.

टिप. टिपेच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये काढायचा, तर पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाला पाचाने गुणतात. 1 मिमी पत्र्याला 5 मिमी, 0.8 मिमीला साधारण 4.5 मिमी. शुद्ध तांबे यासाठी मऊ पडते. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीखाली वाकणारे तांबे भांड्याला उत्तम, पण टिपेला तापलेल्या अवस्थेतही न चेपणारे तांबे लागते, म्हणून त्यात क्रोमियम, कधी झिर्कोनियमही मिसळतात. तरीही काम करता करता टिपेचे तोंड चेपून पसरतेच. 4.5 मिमीचे तोंड 5.5 मिमी झाले, तर फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होते. तोच प्रवाह मोठ्या जागेत विखुरतो आणि दाणा धरत नाही.

दाब. दाब कमी पडला की पत्रे नीट टेकत नाहीत, स्पर्शाचा रोध वाढतो आणि वितळलेले पोलाद फटीतून ठिणग्या होऊन उडते. नवख्याला या ठिणग्या जोरदार वेल्डिंगची खूण वाटतात. खरे तर तो जोडातला उडून गेलेला माल असतो. दाब फार झाला तर उलटे होते: रोध घटतो, दाणा लहान राहतो आणि पत्र्यात खोल खड्डा पडतो. 0.8 मिमीच्या दोन पत्र्यांना जलद वेल्डिंगसाठी साधारण 180 किलो दाब आणि 8,000 अँपिअर लागतात. पॅडलच्या लहान मशीनकडे बहुधा दोन्ही कमी असतात, म्हणून तिथे वेळ जास्त द्यावी लागते.

वेळ. ती सायकलमध्ये मोजतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक सायकल सेकंदाचा पन्नासावा भाग. वरच्या जलद जोडाला 7 सायकल पुरतात. लहान मशीनवर 12 ते 15 पासून चाचणी सुरू करावी. प्रवाहाआधी दाब पूर्ण बसलेला हवा आणि प्रवाह बंद झाल्यावरही दाणा गोठेपर्यंत टिपा मिटलेल्या हव्यात. घाईत पाय लवकर उचलणे ही पॅडल मशीनवरची नेहमीची चूक. ओला दाणा दाबाविना गोठतो, त्यात पोकळी किंवा चीर राहते.

एक प्रसंग पाहू. 0.8 मिमी पत्र्याच्या पेटीचे स्पॉट सकाळी पक्के बसत होते, दुपारी हाताने ओढले तरी सुटू लागले. कारागिराने वेळ 12 वरून 18 सायकल केली. ठसे काळे पडले, टिपा जास्त तापल्या आणि आणखी पसरल्या. तासाभरात पुन्हा तेच. वेळ वाढवणे हा इथे आळसाचा उपाय होता. टिप मोजली तर तोंड 5.7 मिमी. बारीक कानशीने ते 4.5 वर आणले, दोन्ही तोंडे समोरासमोर सपाट टेकतात हे पाहिले, वेळ परत 12 केली आणि जोड धरू लागला.

खात्री करायची ती त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या सोलून. चांगला स्पॉट मधून सुटत नाही. एका पट्टीला भोक पडते आणि दुसरीवर गोल बटण राहते. 0.8 मिमीला ते साडेतीन मिलिमीटरच्या वर असावे. सपाट, चकचकीत डाग ठेवून पट्ट्या सुटल्या, तर पत्रे नुसते चिकटले होते. चाचणी मात्र एकाच स्पॉटवर करू नये. पेटीवर पहिल्या स्पॉटशेजारी दुसरा मारताना काही प्रवाह तयार जोडातून पळतो आणि दुसरा कच्चा राहतो. म्हणून पट्टीवरही पेटीइतक्याच अंतरावर दोन स्पॉट मारून दुसरा सोलावा. तो कमी भरला तर आधी अंतर वाढवून पाहावे, 0.8 मिमीला 20 मिमीच्या आत शक्यतो येऊ नये.

जस्त चढवलेल्या पत्र्याला वरची मापे चालत नाहीत. जस्त आधी वितळते, प्रवाह आणि वेळ दोन्ही वाढवावे लागतात, आणि ते टिपेच्या तांब्यात मिसळून तोंडावर पितळी थर धरते. अशा कामाला टिपा कितीतरी लवकर घासाव्या लागतात.