मोठा गिअर म्हणजे जास्त जोर?

‘मोठ्या गिअरला सायकल जोरात पळते, म्हणजे चाकाला जोर जास्तच मिळत असणार ना?’

उलट आहे. पुढे ४८ दाते, मागे १६ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीन फेरे मारतं. वेग तिप्पट झाला, म्हणून चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पायडलवरच्या टॉर्कच्या एक तृतीयांश. (घर्षणात थोडा जातो, तो सोडून देऊ.)

आता चढ घ्या. १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, सरासरी २० किलोचा दाब पडतोय, चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. ४८-१६ वर टायर रस्त्याला जेमतेम साडेतीन किलोच्या जोराने ढकलतो. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, स्वारासह ८० किलोच्या सायकलला नुसतं टिकून राहायला आठ किलो लागतात. सायकल थांबणारच! ३२-३२ वर तोच दाब दहा किलोंचा होतो आणि ती चढते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग मात्र ताशी साडेसात किलोमीटर. सपाटीवर ४८-१६ ने तेवढ्याच फेऱ्यांत बावीस मिळाले असते.

पायांची शक्ती दोन्हीकडे सारखीच खर्च होते. गिअर ती वाढवत नाही.