काळा राता काळा नसतो: रंगीत तांदळाच्या नावांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या दुकानांत काळा तांदूळ, लाल तांदूळ आणि ब्राऊन राईस अशी तीन पाकिटं एकाच फळीवर दिसतात आणि तिन्हींच्या कौतुकात ‘अँथोसायनिन’ हा एका रंगद्रव्याचा शब्द सर्रास येतो. खरं तर तो यातल्या एकालाच लागू पडतो.

ब्राऊन राईस ही भाताची जातच नाही. भाताचं तूस काढलं आणि कोंडा राखला की उरतो तो ब्राऊन राईस, म्हणजे आपला हातसडीचा तांदूळ. १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस जातं आणि ८० किलो हातसडीचा तांदूळ राहतो. पॉलिश केलं की आणखी ८ ते १० किलो कोंडा निघतो. कोलमही हातसडीचा मिळू शकतो आणि त्यात अँथोसायनिन शोधायला जाऊ नये. काळ्या आणि लाल तांदळाचा रंगही याच कोंड्याच्या थरात असतो. आतला दाणा पांढराच. दाणा मोडल्यावर तो आतपर्यंत काळा निघाला, तर रंग चढवल्याची शंका घ्यायला हवी.

लाल तांदळाला आपल्या खाडीकाठचा इतिहास आहे. पनवेल, उरण आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात बांध घालून, पाणी सोडण्या-अडवण्याची दारं म्हणजे उघाड्या बसवून खाऱ्या पाण्याकडून जमीन मिळवली गेली. तिला खार म्हणतात. क्षार सोसणारं भात तिथे हवं असे. काळा राता आणि भुरा राता या त्यातल्या दोन जाती. यातला काळा किंवा भुरा रंग तुसाचा आहे. राता म्हणजे तांबडा, आणि तूस निघाल्यावर दोन्हींचा दाणा तांबडाच दिसतो. त्यामुळे ‘काळा राता’ हे नाव वाचून कोणी काळा तांदूळ समजलं, तर चूक होते. पुढे पनवेलच्या खार जमिनीवरच्या संशोधनात भुऱ्या रात्याच्या निवड वाणाचा संकर आयआर-८ या बुटक्या भातजातीशी करून पनवेल-१ तयार झालं. बाजार तेव्हा पांढऱ्या दाण्याच्या मागे होता. १९७० पासून नवी मुंबई या नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन संपादित होऊ लागली आणि कितीतरी खारी भरावाखाली गेल्या. लाल तांदूळ आज ‘सुपरफूड’ म्हणून परत येतो, तेव्हा त्याच्या लेबलवर या खारींचा उल्लेख नसतो, ही गोष्ट मला खटकते.

आता रंगाच्या नावाचा गुंता. ‘अँथोसायनिन’ हा शब्द १८३५ मध्ये जर्मनीत तयार झाला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फुलाचा निळा रंग. काळ्या तांदळाचा जांभळा-काळा रंग याच कुळातला, मुख्यतः सायनिडिनला साखर जोडलेला. लाल तांदळात मात्र प्रामुख्याने प्रोअँथोसायनिडिन असतात. जांभूळ किंवा चहा तुरट लागतो त्याच टॅनिनच्या गोतावळ्यातले. नावात ‘अँथोसायनिडिन’ आलं ते एका प्रयोगामुळे: तीव्र आम्लात तापवलं की या साखळ्या तुटतात आणि लाल अँथोसायनिडिन बाहेर पडतं. म्हणजे नाव आम्लात काय होतं त्यावरून पडलं, दाण्यात काय आहे त्यावरून नाही. लेबल लिहिणाऱ्यांनी पुढचा ‘प्रो’ गाळला आणि दोन वेगळे पदार्थ एक झाले.

आनुवंशिकीनेही हे वेगळेपण दाखवलं. रानटी भाताचा दाणा लालच असतो. २००६ मध्ये स्पष्ट झालं की बहुतेक पांढऱ्या जातींत लाल रंग देणाऱ्या आरसी या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळालेली आहेत. काळा रंग मात्र वेगळ्या जनुकातल्या बदलामुळे, भात माणसाळल्यानंतर आला.

‘ताटात इंद्रधनुष्य हवं’ हा सल्ला मुळात भाज्या-फळांचा, तांदूळ त्यात नंतर ओढला गेला. वैविध्यासाठी तो सोपा आहे, पण रंगावरून रसायन ठरवता येत नाही. बीट आणि लाल माठ यांच्यात अँथोसायनिन नाही, बीटालेन आहे. वांग्याच्या सालीत अँथोसायनिन आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, तो तेलात विरघळतो. अमेरिकेतल्या सरकारी तक्त्यात पदार्थांना अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे दिले जात. २०१२ मध्ये तो तक्ता मागे घेतला गेला. परीक्षानळीतले आकडे शरीरातला परिणाम सांगत नाहीत आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, हे कारण दिलं गेलं. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण अँथोसायनिनचा फार थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो.

काळ्या तांदळाचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून भात वेळून पेज फेकली तर रंगद्रव्यही जातं; बेताच्या पाण्यात शिजवावा. त्याच पेजेत लिंबू पिळलं की ती जांभळ्याची उजळ गुलाबी होते, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की निळसर-हिरवट. लाल तांदळाची पेज लिंबाने तशी गुलाबी होत नाही.