प्रश्नावली छापायला देण्याआधी : विद्यार्थ्यांच्या ताणावरील पाहणीसाठी

प्रबंधासाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे विश्लेषणाला येणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये या धर्तीचा प्रश्न हमखास असतो : ‘परीक्षा आणि पालकांच्या अपेक्षांमुळे तुम्हाला ताण येतो का?’ हो / नाही.

परीक्षेची धास्ती आहे, पण घरचे काहीच बोलत नाहीत, अशा मुलीने कशावर खूण करायची? ती बहुतेक ‘हो’वर करते. मग त्या ‘हो’मधला परीक्षेचा भाग किती आणि पालकांचा किती, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. म्हणून प्रश्न तोडायचा. पण नुसता ‘आणि’ शोधून भागत नाही. ‘परीक्षेमुळे ताण येतो का?’ यातही ताण आहे का आणि तो परीक्षेचाच आहे का, असे दोन प्रश्न आहेत. ताणाचे कारण विद्यार्थ्याकडून वदवून घेण्यापेक्षा घडलेले विचारा :

‘गेल्या चार आठवड्यांत परीक्षेच्या विचाराने तुमची झोप किती वेळा उडाली?’ (एकदाही नाही / एक-दोनदा / आठवड्यातून साधारण एकदा / आठवड्यातून अनेकदा)

‘गेल्या चार आठवड्यांत घरच्यांनी तुमच्या गुणांविषयी किती वेळा विचारले?’ पर्याय वरचेच. ‘विचारले’ म्हणणाऱ्यांनाच पुढे : ‘तेव्हा तुम्हाला कसे वाटले?’ (बरे वाटले / काही वाटले नाही / थोडे दडपण आले / खूप दडपण आले). ‘बरे वाटले’ हा पर्याय गाळलात, तर घरच्यांनी विचारणे त्रासाचेच असते असे तुम्ही आधीच ठरवून टाकता.

सूचक प्रश्नांचेही असेच आहे. ‘आजच्या जीवघेण्या स्पर्धेत विद्यार्थी तणावाखाली आहेत, असे तुम्हाला वाटत नाही का?’ याला ‘नाही’ म्हणायला धीर लागतो, त्यात फॉर्म वर्गशिक्षकच गोळा करणार असतील तर विचारूच नका. पण आमच्या मते खरी गडबड मथळ्यात असते. ‘विद्यार्थ्यांमधील वाढता ताण’ असे ठळक छापले, की पहिला प्रश्न वाचण्याआधीच अपेक्षित उत्तर कळते. ‘विद्यार्थ्यांचा अभ्यास, झोप आणि मनःस्थिती’ हा मथळा खोटे बोलत नाही आणि काही सुचवतही नाही.

कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’सारखी प्रमाणित मापनश्रेणी वापरत असाल, तर मात्र तिच्या वाक्यांना हात लावू नका. शब्द बदलले की आधीच्या अभ्यासांशी तुलना करता येत नाही. शिवाय तिच्यातली काही विधाने सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. हे राहून गेले की एकूण बेरीजच चुकते.

छापण्याआधी पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. जिथे ते ‘म्हणजे कशाबद्दल?’ असे विचारतील किंवा दोन जण दोन अर्थ सांगतील, तिथे पेन्सिलीने खूण करा. मसुदा आम्हाला पाठवताना त्या खुणांसकट पाठवा. उत्तरे गोळा झाल्यावर प्रश्न दुरुस्त करता येत नाही, तो फक्त वगळता येतो.