झेप किती लांबीची, आणि मग किती तास थांबायचं?

दर काही महिन्यांनी 'वॉर्प ड्राइव्ह आता शक्य' असा मथळा कुठे ना कुठे झळकतो. वॉर्प ड्राइव्ह म्हणजे भोवतीचं अवकाश वाकवून यानाला प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं कल्पित यंत्र. मूळ शोधनिबंध उघडला की बहुधा तेच निघतं, जे 1994 साली भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्क्युबिएरे यांच्या गणितात होतं: अवकाश असं वाकवता येईल, पण त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा लागेल, आणि ती ढिगाने कुठे मिळते ते कुणालाच माहीत नाही. मथळेवाल्यांचं एक वेळ ठीक. पण नव्याने स्पेस ऑपेरा, म्हणजे ताऱ्यांमधल्या साम्राज्यांच्या आणि लढायांच्या कथा, लिहिणारेही याच वाटेला लागतात. आपल्या यंत्राला 'क्वांटम' हा शब्द चिकटवला की वाचकाला ते पटेल, असं त्यांना वाटतं.

वाचक ते तपासतच नाही. यंत्र कशामुळे चालतं हे त्याला नको असतं, ते कधी चालत नाही हे तो लक्षात ठेवतो. 1965 च्या 'ड्यून' कादंबरीतलं संरक्षक कवच बघा. वेगाने येणारी वस्तू ते अडवतं, हळू सरकणारं पातं आत जाऊ देतं. त्यामागचं विज्ञान शून्याच्या जवळपास आहे, पण मर्यादा पक्की आहे. म्हणून तारे ओलांडणारे लोक सुऱ्यांनी लढतात आणि ते हास्यास्पद वाटत नाही. मग लेसर का वापरत नाहीत? कारण लेसर कवचावर पडला तर अणुस्फोटासारखा भडका उडून नेम धरणाराही मरू शकतो. एका मर्यादेने पडलेलं भोक दुसरीने बुजवलं आहे.

आता एक यंत्र आपणच बनवू. त्याला झेपयंत्र म्हणू आणि तीन अटी घालू. एक झेप जास्तीत जास्त 5 प्रकाशवर्षांची. दोन झेपांच्या मध्ये यंत्र 30 तास थंड व्हायला हवं. आणि ताऱ्यापासून 10 खगोलीय एककांच्या आत झेप घेता येत नाही. एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर, म्हणजे आपल्याकडे साधारण शनीच्या कक्षेपर्यंत आधी साध्या इंजिनाने जायचं. हे इंजिन यानाला सतत 1 जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं त्वरण देतं. अर्धं अंतर वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून उरलेल्या अर्ध्यात तो कमी करायचा. शाळेतल्या सूत्राने हा प्रवास 9 दिवसांचा होतो.

12 प्रकाशवर्षांवरच्या वसाहतीत जायला तीन झेपा आणि मध्ये दोन थांबे लागतात. बाहेर पडायला 9 दिवस, थांब्यांचे 60 तास, आत उतरायला पुन्हा 9. एकूण साडेवीस दिवस. हा आकडा लेखकाने वहीत लिहून ठेवायचा आणि तिसाव्या प्रकरणात नायक चार दिवसांत पोचू द्यायचा नाही. वाचक तारखांची बेरीज करतात.

इथवर सोपं आहे. आता लेखक ठरवतो की बातमीही यानाबरोबरच जाते, म्हणून वसाहतीचा सुभेदार तीन आठवडे स्वतःच्या मर्जीचा मालक. छान कथानक, पण ते टिकत नाही. 10 एककांच्या सीमेवर एक छोटं निरोप्या यान कायम उभं ठेवलं तर? ग्रहावरून रेडिओ संदेश तिथे 83 मिनिटांत पोचतो. ते यान तीन झेपा घेतं, पलीकडच्या सीमेवरून पुन्हा रेडिओवर बोलतं, पुन्हा 83 मिनिटं. सगळं मिळून त्रेसष्ट तास, तीन दिवसही नाहीत. चढण्या-उतरण्याचे अठरा दिवस माणसांना लागतात, शब्दांना नाही. आरमार निघाल्याचं सुभेदाराला ते येण्याच्या सतरा-अठरा दिवस आधी कळणार.

हा दोष झाकायला 'सीमेवर रेडिओ चालत नाही' अशी चौथी अट घुसडता येते, पण ती ठिगळासारखी दिसते. त्यापेक्षा निरोप्या यानं मान्य करावीत. मग पहिला हल्ला त्यांच्यावरच होईल, हे आपोआप आलं. मर्यादा नीट बांधलेली असली की कथानकाचा अर्धा भाग अशा हिशेबातूनच मिळतो.

दुसरं भोक जास्त घातक आहे, आणि ते झेपयंत्रात नसून त्या निरुपद्रवी वाटणाऱ्या इंजिनात आहे. सीमेवरून ग्रहाकडे निघालेल्या खलाशाने मधे यान उलटं फिरवलंच नाही तर? दर किलोमागची गतिज ऊर्जा म्हणजे त्वरण गुणिले अंतर, बस. त्वरणाचे 10 गुणिले अंतराचे दीड लाख कोटी मीटर, म्हणजे 15 लाख कोटी जूल. टीएनटीच्या भाषेत दर किलोला साडेतीन किलोटन. हजार टनांचं मालवाहू यान 3500 मेगाटनांचा बॉम्ब ठरतं; 1961 साली सोव्हिएत संघाने फोडलेला सर्वांत मोठा बॉम्ब 50 मेगाटनांचा होता. ज्या जगात प्रत्येक व्यापाऱ्याकडे असं यान आहे, तिथे तोफा-टॉर्पेडोंची आरमारं कशाला हवीत?

हा प्रश्न पडद्यावर जाहीरपणे उभा राहिला तो 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 2017 च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये. एक जहाज प्रकाशवेगाची झेप घेता घेता शत्रूच्या आरमारात घुसतं आणि त्याची शकलं करतं. दृश्य अप्रतिम, पण प्रेक्षकांनी लगेच विचारलं, मग आधीच्या सगळ्या लढायांत हेच का नाही केलं? 2019 च्या पुढच्या चित्रपटात एका पात्राच्या तोंडी उत्तर घातलं, की असं दहा लाखांत एकदा जमतं. मर्यादा आधी सांगितली तर नियम ठरते, नंतर सांगितली तर सबब.

आपल्या इंजिनाला काय करावं? त्वरण शंभरपट घटवलं तर ऊर्जा शंभरपट घटते, पण 9 दिवसांचे 90 होतात. तरी 35 मेगाटन उरतातच. म्हणून मी वेगळा उपाय निवडीन: इंजिन यानाला वेग देतच नाही, नुसती जागा बदलतं. बंद केलं की यानाजवळ तेवढाच वेग उरतो, जो निघताना ग्रहाच्या कक्षेतून मिळाला होता. पृथ्वीसारख्या ग्रहासाठी तो सेकंदाला 30 किलोमीटर. बॉम्ब पूर्ण संपत नाही. उलट दिशेने फिरणाऱ्या तशाच ग्रहावर तो 60 च्या वेगाने आदळेल, तेव्हा चारशे किलोटनांच्या आसपास. पण आरमाराला काम उरतं.

या अटीचेही परिणाम मोजावे लागतात. उतरण्याआधी दोन ग्रहांच्या वेगांतला फरक साध्या रॉकेटने भरून काढावा लागेल, म्हणजे इंधनाच्या टाक्या आल्या. आणि इंजिन सीमेजवळ बंद पडलं तर? सूर्यासारख्या ताऱ्यापासून 10 एककांवर मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला फक्त 13 किलोमीटर असतो, यानाजवळ 30 आहेत. म्हणजे ते तिथे तरंगत राहत नाही, तारा सोडून कायमचं निघून जातं. कुठल्या दिशेने, ते निघताना ग्रह कक्षेत कुठे होता त्यावर ठरतं. त्यामुळे बचावपथकाचा पहिला प्रश्न 'इंजिन कुठे बंद पडलं' एवढाच नसेल. ते विचारतील, 'यान कुठल्या तारखेला निघालं होतं?'